मराठी अंक, इंग्रजी अक्षरे: फोटोतला बीजगणिताचा प्रश्न वाचून सोडवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

असा प्रश्न नेमका कुठे अडतो?

सोडवण्यात क्वचितच अडतो, बहुतेक वेळा वाचण्यातच चुकतो. ‘५x² − १७x + ६ = ०’ या ओळीत देवनागरी अंक आहेत आणि चल x आहे. अंकांची किंमत आणि स्थानमूल्य इंग्रजी अंकांसारखेच असते, म्हणजे १७ मध्ये १ दशकाचा आणि ७ एककाचा. तेव्हा गणित म्हणून यात नवे काही नाही.

घोळ होतो तो आकारांमुळे. काही मराठी अंक भलत्याच किमतीच्या इंग्रजी अंकांसारखे दिसतात. १ हा 9 सारखा भासतो, ५ हा 4 सारखा, ७ हा 6 सारखा आणि ४ हा 8 सारखा. एरवी मराठी मजकुरात कोणी ५ ला चार म्हणणार नाही. पण ओळीत x, y दिसले की डोळा इंग्रजी वळणाची अपेक्षा करू लागतो आणि तिथेच फसगत होते. २, ३ आणि ० यांचा त्रास नाही, कारण ते ज्या इंग्रजी अंकांसारखे दिसतात त्यांची किंमतही तीच आहे.

या पानावर फोटोत दिसतात ते अंक मराठीत ठेवले आहेत. वाचून उतरवून घेतलेली समीकरणे इंग्रजी अंकांत दिली आहेत.

कोणता अंक कशाशी गल्लत करतो आणि फरक कशावरून ओळखायचा?

अंदाजाने वाचण्यापेक्षा प्रत्येक जोडीत एकच खूण शोधावी.

५ आणि 4: हाताने लिहिलेल्या 4 ची आडवी रेघ उभ्या रेघेला छेदून उजवीकडे थोडी बाहेर येते. ५ मध्ये असा छेद नसतो. डावीकडची वाटी उभ्या रेघेला येऊन मिळते आणि तिथेच थांबते. उजवीकडे टोक बाहेर आलेले नसेल तर तो पाच.

७ आणि 6: दोन्हींची रेघ वरून खाली येते, तळाशी वळते आणि उजवीकडून वर जाऊन आत वळते. 6 मध्ये ही आतली कडी डाव्या रेघेला टेकून बंद होते, ७ मध्ये ती टेकत नाही. फोटो धूसर असला की ही फट बुजते, म्हणून इथे फोटो मोठा करून पाहावाच लागतो.

४ आणि 8: ४ वरून उघडा असतो आणि खाली बंद कडी असते. 8 वर-खाली दोन्हीकडे बंद असतो. घाईच्या अक्षरात ४ ची खालची कडी इतकी बारीक होते की तो x वाटतो. कडी अजिबात दिसत नसेल तरच x.

१, ९ आणि इंग्रजी 9: हे त्रिकूट सर्वांत त्रासदायक. १ म्हणजे वर एक गाठ आणि खाली जाणारी एक शेपटी, बाकी काही नाही. ९ मध्ये त्याखेरीज आणखी एक वळण असते. १ ला इंग्रजी 9 समजले तर १७ चे थेट 97 होते. ही चूक मोठी असल्यामुळे निदान लवकर लक्षात येते, एवढाच दिलासा.

६ आणि ३: ३ ची तोंडे डावीकडे उघडतात, ६ ची उजवीकडे. इंग्रजी नजरेला ६ चा आकार ओळखीचा नसतो, त्यामुळे ती त्याला ‘उलटा तीन’ समजून 3 वाचते.

८ आणि कंस: ८ ची वक्र रेघ सुरू होणाऱ्या कंसासारखी दिसते. ‘८(x − २)’ हे ‘((x − 2)’ असे वाचले जाऊ शकते. उघडणारे आणि मिटणारे कंस मोजा. एक उघडणारा कंस जास्त भरला तर तो बहुधा आठ आहे.

छापील पानावरही हाच घोळ होतो का?

होतो, पण कमी. छापील अंकांत वरच्या खुणा स्पष्ट असतात. मात्र ५, ८ आणि ९ यांची एकाहून जास्त वळणे छपाईत आढळतात. त्यामुळे ‘माझ्या ओळखीचा आठ असा नसतो’ म्हणून तो आठ नाही, असे ठरवू नये. त्याच पानावरचा दुसरा आठ शोधून आकार ताडून पाहावा.

असा दुसरा नमुना शोधायचा कुठे? फोटोत तर एकच समीकरण आहे.

प्रश्नांच्या क्रमांकांत. (१), (२), (३) अशी उपप्रश्नांची यादी असेल तर तिथे कोणता अंक कोणता, याबद्दल शंकाच उरत नाही, कारण ते क्रमानेच येतात. (३) आणि (५) यांच्या मध्ये जो आकार आहे तो ४, मग तो कसाही दिसो. त्याच हाताने किंवा त्याच टाइपात लिहिलेल्या अंकांचा हा तयार तक्ता असतो. पानाचा क्रमांक, गुण, तारीख यांचाही असाच उपयोग होतो. म्हणून फोटो काढताना फक्त समीकरणापुरता कापू नका. वरच्या-खालच्या दोन-तीन ओळी आणि डावा समास राहू द्या.

या क्रमांकांचा उलटा धोकाही आहे. ‘(४) x² − ५x + ४ = ०’ यातला कंस पुसट असेल तर क्रमांक समीकरणाला चिकटून ‘4x²’ तयार होते. ओळीच्या अगदी सुरुवातीचा अंक आणि अक्षर यांत जास्त मोकळी जागा असेल तर तो सहगुणक नसून क्रमांक असण्याची शक्यता मोठी. उजवीकडच्या टोकाला एकटा पडलेला अंक म्हणजे बहुधा गुण. तो समीकरणाच्या उजव्या बाजूत ओढू नये.

x हा चल आहे की गुणाकाराचे चिन्ह?

शेजारी काय आहे ते पाहा. डावीकडे अंक आणि उजवीकडे +, −, = यांपैकी चिन्ह किंवा वर उचललेला घातांक असेल तर तो चल. दोन्ही बाजूंना पूर्ण आकाराचे अंक असतील, दोन्हीकडे सारखी मोकळी जागा असेल आणि चिन्ह ओळीच्या मधोमध असेल तर गुणाकार. छपाईत चल सहसा तिरप्या टाइपात असतो आणि गुणाकाराचे चिन्ह सरळ, टोके कापल्यासारखे असते. ‘३x × २’ सारख्या पदात दोन्ही शेजारी असतात, आणि तिथे ही तुलना सोपी जाते.

घातांकाचा २ खाली उतरून x२ झाला तर?

फोटोतून मजकूर काढताना हे वारंवार होते. ² साठी युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह आहे (U+00B2), पण वर उचललेल्या मराठी २ साठी गणितात वापरायला तसे वेगळे चिन्ह नाही. त्यामुळे मजकूर सपाट होतो आणि घात हरवतो.

सहगुणक नेहमी अक्षराच्या आधी लिहितात: 2x लिहितात, x2 नाही. तेव्हा अक्षराच्या लगेच मागे अंक आला तर तो घातांक समजून फोटोत खातरी करा. उचललेला अंक आकाराने लहान असतो आणि त्याचा तळ x च्या तळापेक्षा वर असतो. तोच तळ x च्या तळाच्याही खाली असेल तर मात्र तो पादांक आहे, म्हणजे x₁ आणि x₂ हे दोन वेगळे चल. प्रश्नात ‘वर्गसमीकरण’ हा शब्द असूनही उतरवलेल्या ओळीत कुठेच घात २ नसेल, तर घातांक खाली उतरला हे नक्की.

एक उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवाल का?

समजा फोटोत असे आहे: ‘(३) अवयव पाडून सोडवा: ५x² − १७x + ६ = ०’.

आधी चिन्हे एकेक करून उतरवायची, पदे नाही. (३) हा क्रमांक, तो बाजूला. पुढचा आकार: डावीकडे वाटी, उजवीकडे टोक बाहेर नाही, म्हणून 5. मग x आणि वर उचललेला लहान 2. उणे. पुढे गाठ आणि शेपटी, म्हणून 1. त्यानंतरची आतली कडी डाव्या रेघेला टेकलेली नाही, म्हणून 7. x. अधिक. तोंडे उजवीकडे उघडी, म्हणून 6. बरोबर चिन्ह, शून्य. आता पूर्ण ओळ एकाच प्रकारच्या अंकांत लिहा:

5x² − 17x + 6 = 0

पहिले आणि शेवटचे पद यांच्या सहगुणकांचा गुणाकार 5 × 6 = 30. ज्यांचा गुणाकार 30 आणि बेरीज −17 अशा संख्या −15 आणि −2. म्हणून

5x² − 15x − 2x + 6 = 0
5x(x − 3) − 2(x − 3) = 0
(x − 3)(5x − 2) = 0

x = 3 किंवा x = 2/5.

ताळा: x = 3 घेतल्यास 45 − 51 + 6 = 0. x = 2/5 घेतल्यास 4/5 − 34/5 + 30/5 = 0. दोन्ही मुळे बरोबर.

आता वाचन चुकले असते तर काय दिसले असते, ते विवेचकावरून पाहू. बरोबर वाचनात b² − 4ac = 289 − 120 = 169, म्हणजे 13 चा वर्ग. ५ ला 4 वाचले असते तर 289 − 96 = 193. ७ ला 6 वाचले असते तर 256 − 120 = 136. ६ ला 3 वाचले असते तर 289 − 60 = 229. १७ चे 97 झाले असते तर 9409 − 120 = 9289. यांपैकी एकही पूर्ण वर्ग नाही, म्हणजे यातल्या एकाचेही परिमेय सहगुणकांचे अवयव पडत नाहीत. प्रश्न तर स्पष्ट म्हणतो ‘अवयव पाडून’. अशा विसंगतीला थांबण्याची खूण समजावे आणि गणित पुढे न रेटता फोटोकडे परतावे.

म्हणजे विवेचक पूर्ण वर्ग आला की वाचन बरोबर, असे धरायचे का?

नाही, आणि इथेच सर्वांत जास्त लोक चुकतात. हे समीकरण घ्या: x² − ५x + ४ = ०.

बरोबर वाचन x² − 5x + 4 = 0. विवेचक 25 − 16 = 9, अवयव (x − 1)(x − 4), मुळे 1 आणि 4.

आता कोणी ५ ला 4 समजले आणि पुढचा ४ बरोबर ओळखला, तर समीकरण होते x² − 4x + 4 = 0. विवेचक 0, अवयव (x − 2)², उत्तर 2. इतके देखणे की शंका यायला जागाच नाही. ताळा घेतला तरी जुळतो: 4 − 8 + 4 = 0. जुळणारच, कारण ताळा चुकीच्या समीकरणातच घेतला आहे. ताळा सोडवण्यातली चूक पकडतो, वाचनातली नाही.

ही चूक पकडायला एकच नियम पुरतो: एका फोटोत एक आकार म्हणजे एक अंक, आणि एक अंक म्हणजे एक आकार. उतरवलेल्या ओळीत दोन 4 आहेत. फोटोत त्या दोन जागांवर बोट ठेवून पाहा. एका जागी खाली कडी आणि वर उघडे तोंड, दुसऱ्या जागी वाटी आणि उभी रेघ. दोन वेगळ्या आकारांना तुम्ही एकच किंमत दिली आहे, म्हणजे दोघांपैकी एक तरी चुकला. सोडवायला बसण्यापूर्वी प्रत्येक पुन्हा आलेल्या अंकासाठी हे करावे, अर्धे मिनिटही लागत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. विवेचक पूर्ण वर्ग नाही म्हणून वाचन चुकलेच असेही नाही. ‘सूत्र वापरून सोडवा’ असा प्रश्न असेल तर करणीतली मुळे अपेक्षितच असतात. म्हणून विवेचकाचा निकाल नेहमी प्रश्नाच्या शब्दांशी जोडून वाचावा.

एकसामयिक समीकरणांत y आणि ५ एकमेकांत मिसळतात. कसे सोडवायचे?

हस्ताक्षरात ही जोडी खरोखरच सारखी दिसते: डावीकडे वाटी, उजवीकडे खाली जाणारी रेघ. फरक शेपटीत आहे. y ची शेपटी ओळीच्या खाली जाते आणि डावीकडे वळते. ५ चा पाय सरळ किंवा किंचित उजवीकडे जातो आणि सहसा ओळीवरच थांबतो.

समजा फोटोत आहे: ३x + ५y = १९ आणि x − y = १. बरोबर वाचनात दुसऱ्या समीकरणावरून x = y + 1. ते पहिल्यात ठेवले की 3y + 3 + 5y = 19, म्हणून 8y = 16, y = 2 आणि x = 3.

‘५y’ हे 55 असे वाचले तर पहिले समीकरण 3x + 55 = 19 होते. मग x = −12 आणि y = −13. पुन्हा पूर्णांक, पुन्हा ताळा जुळतो! इथे संशय उत्तरावरून नव्हे, समीकरणाच्या रूपावरून यायला हवा. दोन चलांची समीकरणे सहसा ax + by = c या रूपात देतात. एका समीकरणात y नाहीसा झाला आहे आणि डाव्या बाजूला सुटी संख्या आली आहे, हे पाहूनच थांबावे. ‘yy’ असे वाचले गेले तर y² तयार होते आणि रेषीय समीकरणांच्या धड्यात त्याला जागा नाही, त्यामुळे ते सहज पकडले जाते.

एक अंक इतका पुसट आहे की ७ की ८ तेच कळत नाही. उत्तरावरून ठरवता येईल का?

कधी येते, कधी येत नाही. x² − ▢x + १२ = ० मध्ये चौकटीत 6 असेल तर विवेचक 36 − 48, म्हणजे ऋण; ही शक्यता ‘अवयव पाडा’ या प्रश्नात बाद. 7 असेल तर मुळे 3 आणि 4. 8 असेल तर मुळे 2 आणि 6. ७ आणि ८ दोन्ही चालतात, तेव्हा गणित इथे मदत करत नाही. सोयीचे उत्तर निवडणे हा इथे निव्वळ जुगार ठरेल. प्रश्नक्रमांकांतला ७ आणि ८ शोधा, नाहीतर फोटो पुन्हा मागवा.

फोटो पुन्हा काढायचा तर कसा?

कागदाच्या बरोबर वरून, उजेड बाजूने, आणि स्वतःची सावली ओळीवर न पडू देता. घातांक स्पष्ट दिसेल इतक्या जवळून. घातांक वाचता आला तर बाकीचे वाचता येतेच. मेसेजिंग ॲपमधून पाठवताना फोटो सहसा दाबून लहान केला जातो आणि ७ मधली फट नेमकी त्यातच बुजते. फाइल किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो मूळ दर्जात पोहोचतो.

मजकूर संगणकावर सोडवायचा आहे. मराठी अंक तसेच टाकले तर चालतात का?

जागेवर अवलंबून आहे. देवनागरी अंक युनिकोडमध्ये U+0966 ते U+096F या जागांवर आहेत. पायथनमध्ये `int("१७")` लिहिले तर बिनतक्रार 17 मिळतात. पण प्रोग्रॅमच्या ओळीत थेट १७ लिहिले तर चूक दाखवली जाते. सर्वांत फसवे म्हणजे `x२`: पायथन त्याला ‘x२’ नावाचा एक स्वतंत्र चल समजतो आणि हे नाव कुठे आधी दिलेले असेल तर कसलीही सूचना मिळत नाही. म्हणून आधी अंक बदलून घ्यावेत:

```python
s = "५*x**२ - १७*x + ६"
t = s.translate(str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789"))
print(t)   # 5*x**2 - 17*x + 6
```

घात `**` ने आणि गुणाकार `*` ने आधीच लिहिला आहे, हे लक्षात घ्या. `5x` संगणकाला कळत नाही. आणि ही ओळ फक्त अंक बदलते. ५ ऐवजी आधीच 4 आला असेल तर तो 4 च राहतो.

इतर लिप्यांतल्या अंकांनाही हेच लागू आहे का?

पद्धत तीच, जोड्या वेगळ्या. बंगाली चार हुबेहूब इंग्रजी 8 सारखा दिसतो आणि बंगाली सात 9 सारखा. अरबीतला पाच गोल असल्यामुळे शून्य वाटतो, आणि अरबीतले व उर्दूतले शून्य म्हणजे नुसता टिंब, जो दशांशचिन्ह समजला जातो. मजकूर उजवीकडून डावीकडे असला तरी उर्दूतली संख्या डावीकडून उजवीकडेच वाचायची.

उत्तर कोणत्या अंकांत लिहायचे?

विचारणाऱ्याने ज्या अंकांत विचारले त्याच अंकांत द्यावे. मधली आकडेमोड कोणत्याही एका प्रकारात करा, पण एका ओळीत दोन्ही प्रकार येऊ देऊ नका. उत्तर पुन्हा मराठी अंकांत उतरवताना 4 आणि ५, 6 आणि ७ या जोड्या परत एकदा तपासा. उतरवणे दोन्ही दिशांना चुकते.

सगळे करूनही दोन वाचने उरली तर?

दोन्ही लिहा. ‘x चा सहगुणक ७ असल्यास मुळे ३ आणि ४, ८ असल्यास २ आणि ६’ असे एका ओळीत सांगितले की मूळ कागद ज्याच्या हातात आहे तो क्षणात ठरवू शकतो.